मागे वळून न बघण्याचा उपचार

प्रश्न: मी ३६ वर्षांचा आहे, रोज गाडीने कामावर जातो. चाक खड्ड्यात गेलं की वाटतं, कुणाला तरी धडक बसली. परत जाऊन रस्ता बघतो, कधी दोनदा, कधी चारदा. रोज पाऊण तास त्यात जातो. हे खुळ्यासारखं आहे हे कळतं, तरी राहवत नाही. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं आणि ईआरपी सुचवली आहे. त्यात म्हणे मुद्दाम भीती वाटेल असं करायला लावतात आणि परत बघू देत नाहीत. पण खरंच कुणाला लागलं असेल तर? मी स्वतःच दोन आठवडे न वळता घरी येऊन पाहिलं, काडीचाही फरक पडला नाही. मग हा उपचार माझ्यावर चालणार तरी कसा?

उत्तर:

खरंच कुणाला लागलं असेल का, याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही. पूर्वी मी अशी उत्तरं देत असे. वीसेक वर्षांपूर्वी, या कामात नवा होतो तेव्हा, हाच त्रास असलेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. मी दर भेटीत त्यांना पटवून द्यायचो की धडक बसली असती तर आवाज झाला असता, हिसका जाणवला असता, माणसं धावली असती. ते हलके होऊन जायचे आणि मलाही बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचे फोन सुरू झाले. "तुम्ही म्हणालात आवाज झाला असता, पण तेव्हा माझा रेडिओ चालू होता, मग?" मी रेडिओचं उत्तर दिलं. मग बंद काचांचा प्रश्न आला, त्याचंही दिलं. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ते गाडी वळवून रस्ता बघायचे थांबले आहेत खरे, पण आता ते रस्त्याऐवजी मला बघतात. आजार जागच्या जागी होता, त्याने फक्त साधन बदललं होतं.

मंत्रचळ हा या आजाराचा जुना मराठी शब्द मला अजून आवडतो, कारण त्यात पुन्हा पुन्हा घोळवण्याची छटा आहे. आजाराचे दोन भाग असतात. एक नको असताना डोक्यात घुसणारा विचार, चित्र किंवा शंका. दुसरा, त्या विचाराने उठलेली अस्वस्थता शमवण्यासाठी केलेली कृती, मग ती हाताने केलेली असो वा मनातल्या मनात. या दोन्हींत मिळून दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामधंदा-घर विस्कटत असेल तर निदानाचा विचार होतो. तुम्ही रस्त्यावरचा पाऊण तास मोजला आहे. रात्री अंथरुणावर पडून सकाळचा रस्ता आठवण्यात जातो तो वेळ बहुधा मोजलेला नाही.

विचार येणं हा आजार नाही, हे मात्र आधी नीट समजून घ्या. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी १९७८ साली ओसीडी नसलेल्या लोकांना विचारलं की तुमच्या मनात असे नकोसे, भलतेसलते विचार येतात का. बहुतेकांना येत होते, आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढे पडतो. इतरांच्या मनात आलेलं "कुणाला लागलं तर नाही ना?" पुढच्या वळणापर्यंत विरून जातं. तुमच्या मनात आलं की त्याला लगेच एक शेपूट फुटतं: विचार आला त्याअर्थी काहीतरी असणार, आणि न बघता गेलो तर जे होईल ते माझ्या माथी. म्हणून हा आजार माणसाला नेमका त्याच्या जपणुकीच्या जागी पकडतो. बेदरकार गाडी हाकणारा माणूस या शंकेने माझ्याकडे आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता परत जाऊन बघण्याबद्दल. तुम्ही वळता, रस्ता मोकळा दिसतो, जीव भांड्यात पडतो. ते हायसं वाटणं हीच या आजाराची खुराक आहे. बघितल्यावर अस्वस्थता झटकन उतरली की मेंदू दोन गोष्टी शिकतो. शंका दखल घेण्याजोगी होती ही एक, आणि बघितल्यामुळेच सुटका झाली ही दुसरी. पुढच्या खड्ड्यावर तो तीच मागणी करणार, थोडी अधिक जोरात.

यात आणखी एक मेख आहे, ती बऱ्याच रुग्णांना माहीत नसते. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी २००३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरच्या गॅसच्या शेगड्या चालू-बंद करून तपासायला सांगितल्या. काहींनी तीच तपासणी वीसेक वेळा केली, काहींनी मध्ये शेगड्यांऐवजी दिवे तपासले. शेवटच्या तपासणीत नेमक्या कोणत्या शेगड्या होत्या, हे दोन्ही गटांना सारखंच बरोबर आठवत होतं. पण शेगड्या वारंवार तपासणाऱ्यांना ती आठवण अंधूक, तपशील नसलेली वाटत होती आणि तिच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. थोडक्यात, धडधाकट माणसानेही तेच तेच तपासलं की स्मरण शाबूत राहतं आणि विश्वास तेवढा झिजतो. चौथ्यांदा वळल्यावर तुम्हाला पहिल्यापेक्षा जास्त धाकधूक का वाटते, ते यावरून कळेल. शंका आहे म्हणून तुम्ही बघता हे खरं, पण बघितल्याने ती वाढतेही.

ईआरपी म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. शंका उठेल अशा प्रसंगाला ठरवून सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही, एवढाच त्याचा गाभा. व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली इंग्लंडमध्ये दोन रुग्णांवर हा उपचार केल्याचं लिहिलं, तिथून त्याची सुरुवात धरतात. नावात दोन भाग आहेत आणि तुमचे दोन आठवडे बहुधा त्यातल्या दुसऱ्या भागात वाया गेले.

तुम्ही गाडी वळवली नाहीत, हे मी मानतो. पण काही गोष्टी विचारतो, स्वतःशी खरी उत्तरं द्या. खड्डा गेल्यावर आरशात किती वेळ बघत होतात? घरी पोचल्यावर बंपरवरून हात फिरवलात का? "आज रस्त्यात काही झालं नाही ना वाटत?" असं कुणाला सहज विचारल्यासारखं विचारलंत का? रात्री मोबाइलवर अपघाताच्या बातम्या चाळल्यात का? खड्ड्याच्या आधी रस्त्याकडेला कोण कोण होतं, हे मनात मागे नेऊन पुन्हा पाहिलंत का? यातलं काहीही केलं असेल तर तपासणी झाली, फक्त गाडी न वळवता झाली. आलेल्या शंभर जणांत मनातल्या तपासणीबद्दल आपणहून सांगणारे फार थोडे असतात. लपवायचं असतं म्हणून ते गप्प राहत नाहीत, त्यांना तो विचारच वाटतो, कृती वाटतच नाही. ओळखायची खूण अशी: डोक्यात आपोआप टपकलं तो विचार, आणि तुम्ही मुद्दाम, बरं वाटावं म्हणून करायला घेतलंत ती कृती. खड्ड्याचं चित्र अचानक समोर आलं, इथवर विचार. ते चित्र पुन्हा सुरुवातीपासून चालवून माणूस दिसतो का बघितलंत, ती कृती.

हे सगळं नीट केलं तर कसं दिसतं, ते एका रुग्णाच्या हकिगतीवरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाई ४१ वर्षांच्या, हिशेबनीस. कामावर जायचा रस्ता १८ किलोमीटरचा, पस्तीस मिनिटांचा, त्यांना दीड तास लागायचा. त्यांनी गाडीला डॅशकॅम बसवून घेतला होता आणि रोज रात्री त्याचं चित्रण बघायच्या, आधी नेहमीच्या वेगाने, मग गतिरोधकांपाशी थांबवून थांबवून. कॅमेऱ्याने खात्री मिळायला हवी होती, नाही का? दोन महिन्यांत त्यांना नवी शंका आली की कॅमेरा पुढचं टिपतो, मागच्या चाकाखालचं नाही. पोचल्यावर नवऱ्याला फोन, त्याने "काही झालेलं नाही" म्हणायचं, आणि ते नेमक्या त्याच शब्दांत. शब्द बदलला तर पुन्हा फोन. वाय-बॉक्स या मोजपट्टीवर, जी शून्यापासून चाळीसपर्यंत जाते, त्या २७ वर होत्या, म्हणजे तीव्र गटात.

पहिल्या दोन भेटी फक्त नोंदीच्या. आठवडाभर त्यांनी वहीत लिहिलं: कुठे शंका आली, काय केलं, किती मिनिटं गेली, त्रास शून्य ते शंभरात किती. त्या वहीतूनच कामाची यादी निघाली. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून गतिरोधक ओलांडणं आणि मागे न बघणं, ३०. मोकळ्या रुंद रस्त्यावर स्वतः चालवणं, ४०. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने न वळता जाणं, ६०. शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून जाणं, ७५. रात्री पावसात जाणं आणि घरी आल्यावर डॅशकॅमचं कार्ड न बघता पुसणं, ९०. पूर्वी आम्ही ही शिडी पायरीपायरीने चढायचो आणि त्रास निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी घ्यायचो नाही. आता मी तेवढा कडक नाही. सुरुवात मधल्या पायरीवरून करतो आणि पुढे क्रम मुद्दाम मोडतो, कारण रस्त्यावर शंका काही सोप्याकडून अवघडाकडे येत नाही.

यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि घरच्या घरी करणारे नेमकी तीच सोडतात. दर वेळी निघण्याआधी बाई लिहायच्या की न बघता गेले तर काय होईल. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, "कुणीतरी मेलेलं असेल." मी म्हटलं, हे तपासता येणार नाही, आणि तपासायला गेलात की पुन्हा तेच चक्र. तपासता येईल असं काहीतरी लिहा. मग त्यांनी लिहिलं: "त्रास ९० वर जाईल आणि रात्रीपर्यंत तिथेच राहील. दिवसभर आकडेमोड जमणार नाही. झोप लागणार नाही. शेवटी मी फोन करणारच." हे चारही अंदाज संध्याकाळपर्यंत खरे किंवा खोटे ठरतात. ईआरपीत मेंदू शिकतो ते इथे. रस्त्यावर कुणी पडलेलं नव्हतं, हे त्याला शिकवायचंच नसतं. न सुटलेली शंका उराशी असतानाही दिवस पार पडतो, हे शिकवायचं असतं.

पहिल्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होतो. खड्ड्याचा रस्ता, सकाळची वेळ. तिसऱ्या खड्ड्यानंतर बाईंचे हात स्टीअरिंगवर पांढरे पडले. आकडा ७०. दहा मिनिटांनी ८०. त्या म्हणाल्या, "एकदाच वळूया, मग उद्यापासून नाही." मी "काही झालं नाही" असं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "असेलही लागलं. आपण पुढे जातोय." हे वाक्य ऐकायला क्रूर वाटतं, मलाही पहिली काही वर्षं म्हणायला जड जायचं. पण त्या क्षणी मी धीर दिला असता तर त्या दिवशीचं एक्सपोजर तिथेच संपलं असतं. ऑफिसात पोचल्यावर ७५, चाळीस मिनिटांनी ५०, दोन तासांनी २५. दुपारी जेवताना खड्ड्याचं चित्र आलं आणि आकडा पुन्हा ६० वर उडाला, मग उतरला. रात्री २०. झोप उशिरा लागली, पण लागली. चारांपैकी चारही अंदाज चुकले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं.

आकडे असे आपोआप उतरतात, हे जुनं निरीक्षण आहे. रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवलं की रुग्णांची शंका जागी केली आणि कृती करू दिली नाही, तर कृतीची ओढ आणि अस्वस्थता दोन्ही तासाभरात बऱ्याच ओसरतात. डोकं फुटेल असं वाटतं, ते चढाच्या टोकावर उभं राहून. उतार कधी पाहिलेलाच नसतो, कारण त्याआधीच माणूस वळतो. तरी आकडा उतरणं हे मी यश धरत नाही. काही दिवशी तो उतरत नाही आणि तरीही दिवस सार्थकी लागलेला असतो, कारण त्या दिवशी माणूस ६० च्या आकड्यासकट काम करून आलेला असतो.

सहाव्या भेटीत गडबड झाली, आणि ती चांगल्या बातमीच्या रूपात आली. शाळेवरून जाऊन आल्यावर आकडा पाच मिनिटांत १५. बाई खूश. मला मात्र शंका आली, कारण ७५ चा प्रसंग पाच मिनिटांत विझत नसतो. विचारलं, "त्या पाच मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं?" त्या जरा थांबल्या. मग सांगितलं की गतिरोधकाच्या आधी त्या कडेच्या माणसांची मोजदाद करत होत्या आणि नंतर आरशात तीच संख्या जुळवत होत्या. आणि आणखी एक. "मनात म्हणत होते, डॉक्टरांनीच सांगितलंय ना, मग काही झालं तर जबाबदारी त्यांची." ही दुसरी पळवाट फार वेळा नजरेआड होते. मी शेजारी बसलेलो असणं हीच त्यांची खात्री झाली होती.

म्हणून पुढच्या आठवड्यापासून मी गाडीतून उतरलो. रस्ता त्या ठरवायच्या, कधी आणि कोणता हे मला सांगायचं नाही, नंतरही नाही. मला फक्त अंदाजांची वही दाखवायची. मोजदादीवर उपाय असा ठरला की मोजणं सुरू झालं असं लक्षात आलं की आकडा मुद्दाम बिघडवायचा, "सात, एकवीस, चार", आणि मनात म्हणायचं, "किती होते ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी चालले आहे." चुकून आरशात बघून खातरजमा झालीच, तर स्वतःवर चिडण्याऐवजी ती खातरजमा नासवायची: "दिसलं नाही म्हणजे नसेलच असं नाही." हे नासवणं रुग्णांना आधी विनोदी वाटतं. पण कृती होऊन गेल्यावरही तिचा फायदा काढून घेण्याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात साधा मार्ग आहे.

आरशाबद्दल इथेच सांगतो, कारण हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. गाडी चालवताना आरसा जेवढा लागतो तेवढा वापरायचाच. लेन बदलताना, वेग कमी करताना बघायचं. खड्ड्यानंतर मागे काय पडलंय हे पाहण्यासाठी बघायचं नाही. खरं तर मागे नजर लावून पुढे गाडी चालवणं हाच तुमच्या दिवसातला सगळ्यात धोकादायक भाग आहे. आणि समोर माणूस आडवा आल्याचं दिसलं, गाडीवर काही आदळताना पाहिलं, कुणी ओरडून थांबवलं, तर थांबायचं. ईआरपीत तो नियम बदलत नाही. "दिसलं नाही, ऐकू आलं नाही, पण असू शकेल" यासाठी मात्र थांबायचं नाही. पहिल्यात घटना असते, दुसऱ्यात फक्त "असू शकेल" असतं.

रस्त्यावर करता न येणारा भाग आम्ही कल्पनेत केला. बाईंच्या भीतीचं टोक धडक हे नव्हतं. आपण निघून गेलो आणि आयुष्यभर कळलंच नाही, हे होतं. ते टोक त्यांनी स्वतःच्या शब्दांत, वर्तमानकाळात, पानभर लिहिलं: "मी न वळता पुढे जाते. दहा वर्षांनी मी स्वयंपाकघरात उभी आहे आणि मला अजून माहीत नाही, त्या सकाळी चाकाखाली काय होतं. ते मला कधीच कळणार नाही." शेवटी सुटका नाही, माफी नाही, "पण तसं काही नव्हतं" नाही. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून रोज अर्धा तास ऐकायचं, घरी बसून, गाडी चालवताना कधीच नाही. चार दिवस त्या रडल्या. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "कंटाळा येतोय." कंटाळा ही या कामातली माझी आवडती बातमी आहे.

नवऱ्याला बोलावलं तेव्हा तो आधी बिथरला होता. "ती रडत फोन करते आणि मी एक वाक्य बोलू नको?" त्याचं म्हणणं रास्त होतं. ते वाक्य म्हणणं त्याच्या दृष्टीने प्रेम होतं. ते आम्ही एकदम तोडलं नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकच उत्तर, दुसऱ्यात शून्य, आणि बाईंनीच त्याला नवं वाक्य दिलं: "हा ओसीडीचा प्रश्न वाटतोय. याचं उत्तर न द्यायचं आपलं ठरलंय. घरी ये, बोलू." वाक्य रुग्णाने दिलेलं असणं महत्त्वाचं. घरच्यांनी परस्पर उत्तरं बंद केली की भांडणं होतात आणि उपचार बदनाम होतो.

दोन नियोजनाच्या धरून सतरा भेटी झाल्या, दीड-दीड तासाच्या, दहा आठवड्यांत. शेवटी वाय-बॉक्स १२. शंका अजून येते, आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक पावसात. कामावर जायला चाळीस मिनिटं लागतात. दीडेक वर्षाने त्या पुन्हा आल्या, कारण शंकेने जागा बदलली होती: पाठवलेल्या ई-मेलमध्ये आपण कुणाला चुकून अपमानास्पद लिहिलं तर नाही ना, म्हणून पाठवलेले मेल दहा-दहा वेळा वाचणं सुरू झालं होतं. या वेळी त्यांनी वही स्वतःच भरून आणली होती. तीन भेटींत काम झालं.

सगळ्यांचं असं होत नाही. एडना फोआ आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या चाचणीत ईआरपी सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना ठळक सुधारणा झाली, क्लोमिप्रामिन या औषधाने ४२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ७० टक्क्यांना आणि नुसत्या दिखाऊ गोळीने ८ टक्क्यांना. म्हणजे तीनातल्या एकाला चांगल्या हातांतही पुरेसा फायदा होत नाही, आणि भीतीपोटी सुरूच न करणारे वेगळे. तुमच्या डॉक्टरांनी एसएसआरआय गटातलं औषध दिलं असेल तर ते परस्पर बंद करू नका, ईआरपीला त्याची अडचण होत नाही. ओसीडीत या औषधांची मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागते आणि परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे जातात, हे माहीत नसल्याने पुष्कळ जण तिसऱ्या आठवड्यात "लागू पडत नाही" म्हणून सोडतात. गरज पडली तर म्हणून खिशात ठेवलेली चिंताशामक गोळी मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. ती घेतली नाही तरी खिशात असल्याचा आधार डॅशकॅमसारखाच काम करतो. आणि नैराश्य इतकं खोल असेल की मरणाचे विचार येत आहेत, तर आधी ते सांगा. त्या अवस्थेत मी कुणाला खड्ड्याच्या रस्त्यावर नेत नाही.

उपचार करणारा निवडताना त्याला विचारा की गरज पडली तर तुम्ही माझ्याबरोबर गाडीत बसाल का, आणि मनातल्या मनात होणाऱ्या तपासणीचं काय करता. विचार आला की मनगटावरचा रबर ओढा, "थांब" म्हणा, दीर्घ श्वास घेऊन शांत व्हा, असं कुणी सांगितलं तर ती ईआरपी नाही. शांत होण्याची घाई म्हणजे पुन्हा सुटकाच.

पहिल्या भेटीला जाण्याआधी आठवडाभर फक्त वही भरा. वळायचं असेल तर वळा, या आठवड्यात काही थांबवू नका. चार रकाने आखा: जागा, आकडा, काय केलं, किती मिनिटं. तिसऱ्या रकान्यात "काहीच नाही" असं लिहायला हात गेला, तर त्याखाली त्या पाच मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं ते लिहा.